टॅन इन्व्हर्सची मालिका आणि 1 − 1/3 + 1/5 − 1/7 + … : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टॅन इन्व्हर्सची मालिका येते तरी कुठून?

बारावीत पाठ केलेल्या एका ओळीतून. arctan x चं विकलन केलं की 1/(1 + x²) मिळतं. हीच ओळ उलटी वाचली तर:

arctan x = ∫₀ˣ dt/(1 + t²)

आता 1/(1 + t²) कडे नीट बघा. भूमिती श्रेढीत प्रत्येक पद आधीच्या पदाला एकाच संख्येने गुणून मिळतं, आणि अशा अनंत श्रेढीची बेरीज 1 + r + r² + … = 1/(1 − r) असते. इथे r च्या जागी −t² ठेवलं की

1/(1 + t²) = 1 − t² + t⁴ − t⁶ + …

उजव्या बाजूच्या प्रत्येक पदाचं 0 पासून x पर्यंत संकलन करा. t² चं x³/3 होतं, t⁴ चं x⁵/5 होतं. म्हणून

arctan x = x − x³/3 + x⁵/5 − x⁷/7 + …

श्रेढीत t चे फक्त सम घात होते आणि संकलनात प्रत्येक घात एकाने वाढतो, म्हणून विषम घात आणि विषम छेद आले. चिन्हं एकाआड एक बदलतात ती r ऋण असल्यामुळे. छेदात फॅक्टोरियल नाहीत, नुसत्या विषम संख्या आहेत, याची आत्ताच नोंद घ्या. साइनच्या मालिकेत छेदात 3!, 5!, 7! असतात, म्हणून तिची पदं झपाट्याने लहान होतात. इथे तसं होत नाही आणि पुढची सगळी डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

मग x = 1 ठेवलं की π/4 मिळालंच ना? यात अवघड काय आहे?

arctan 1 म्हणजे π/4, त्यामुळे उत्तर बरोबर येतं:

π/4 = 1 − 1/3 + 1/5 − 1/7 + …

पण वरच्या मांडणीतून हे सिद्ध होत नाही. 1/(1 − r) हे सूत्र r चं मूल्य −1 आणि 1 यांच्या आत असेल तरच खरं असतं. t = 1 ला r = −1 होतो आणि श्रेढी 1 − 1 + 1 − 1 + … अशी होते. तिच्या आंशिक बेरजा 1, 0, 1, 0 अशा उड्या मारत राहतात, कुठेच स्थिरावत नाहीत. जी श्रेढी टोकाला कोसळते तिच्यातून त्याच टोकाला खरं ठरणारं विधान काढलं, तर त्याला वेगळं कारण द्यायला हवं. शिवाय अनंत पदांचं पदशः संकलन करायला परवानगी आहे का, हाही प्रश्न उरतोच. मर्यादित पदांच्या बेरजेचं संकलन पद-पद करता येतं, अनंताच्या बाबतीत ते दरवेळी चालत नाही.

माझ्या मते दोन्ही अडचणींवर सगळ्यात स्वच्छ उपाय एकच आहे. अनंतापर्यंत जाऊच नका. n पदांवर थांबा आणि जे उरलं ते टाकून न देता सोबत ठेवा:

1/(1 + t²) = 1 − t² + t⁴ − … + (−1)ⁿ⁻¹ t²ⁿ⁻² + (−1)ⁿ t²ⁿ/(1 + t²)

दोन्ही बाजूंना 1 + t² ने गुणून पाहा. मधली पदं एकमेकांना खाऊन टाकतात आणि 1 = 1 उरतं. म्हणजे ही नित्य समानता आहे, t कितीही असो. पदं मोजकी असल्यामुळे संकलनालाही कुणाची हरकत नाही. 0 ते 1 संकलन केलं की

π/4 = 1 − 1/3 + 1/5 − … + (−1)ⁿ⁻¹/(2n − 1) + (−1)ⁿ Rₙ

Rₙ = ∫₀¹ t²ⁿ/(1 + t²) dt

आता फक्त हा शेष शून्याकडे जातो एवढंच दाखवायचं. छेद 1 + t² कायम 1 किंवा त्याहून मोठा आहे, म्हणून Rₙ हा ∫₀¹ t²ⁿ dt पेक्षा, म्हणजे 1/(2n + 1) पेक्षा लहान असतो. n वाढला की तो शून्याकडे जातो. सिद्धता संपली.

आमच्या सरांनी यासाठी आबेलचं प्रमेय वापरलं. ते चूक आहे का?

मुळीच नाही. घातमालिका टोकाच्या बिंदूवर अभिसारी असेल, तर तिथली बेरीज आतून येणाऱ्या सीमेइतकीच असते, असं ते प्रमेय सांगतं. आबेलने ते १८२६ मध्ये सिद्ध केलं. आंशिक बेरीज हातात नसते अशा मालिकांसाठी ते फार कामाचं आहे. इथे मात्र शेष एका ओळीत मिळतो, म्हणून मला ते अनावश्यक वाटतं. आणि ते प्रमेय बेरीज कुठे पोचते एवढंच सांगतं, किती सावकाश पोचते ते सांगत नाही. Rₙ दोन्ही सांगतो.

कॅल्क्युलेटरवर tan⁻¹(1) चं उत्तर 45 येतं, 0.785 नाही. असं का?

कॅल्क्युलेटर डिग्री मोडमध्ये आहे. arctan चं विकलज 1/(1 + x²) आहे हे फक्त रेडियनमध्ये खरं, त्यामुळे मालिकासुद्धा रेडियनचीच आहे. मोड बदला.

मालिकेत x = 2 ठेवलं तर बेरीज भरकटते. arctan 2 तर व्यवस्थित अस्तित्वात आहे ना?

हो, arctan 2 सुमारे 1.107 आहे. पण मालिकेची पदं 2, −2.67, 6.4, −18.3 अशी फुगत जातात. शेषाच्या भाषेत पाहिलं तर t²ⁿ हा घटक t = 1 ओलांडल्यावर n बरोबर वाढतच जातो, त्यामुळे शेष शून्याकडे जाणं शक्यच नाही.

तरीही मनात खटकतं, कारण arctan चा आलेख x = 1 पाशी अगदी गुळगुळीत आहे, तिथे ना टोक ना खंड. अडथळा वास्तव रेषेवर नाहीच. 1 + t² हा छेद t = i आणि t = −i ला शून्य होतो, आणि हे दोन्ही बिंदू शून्यापासून बरोबर 1 अंतरावर आहेत. घातमालिकेला तेवढीच त्रिज्या मिळते. व्यवहारात 1 पेक्षा मोठ्या x साठी arctan x = π/2 − arctan(1/x) वापरा. arctan 2 साठी मग 1/2 ची मालिका लागते, आणि ती चांगली वेगाने धावते.

π साठी किती पदं घ्यावी लागतात?

वेडं करतील इतकी. दहा पदांची बेरीज 0.7604599 येते. चौपट केली की ३.०४१८३९६, म्हणजे पहिला दशांशही धड नाही. शंभर पदांनी ३.१३१५९, हजार पदांनी ३.१४०५९. दर वेळी चूक जवळजवळ 1/n इतकी असते.

हा 1/n कुठून येतो ते Rₙ मध्येच दिसतं. n मोठा असताना t²ⁿ हा 0 ते 1 मध्ये बहुतेक सगळीकडे नगण्य असतो, त्याचं सगळं वजन t = 1 च्या जवळ एकवटलेलं असतं. तिथे 1/(1 + t²) जवळपास 1/2 आहे. म्हणून Rₙ साधारण 1/(2n + 1) च्या निम्मा, म्हणजे जवळपास 1/(4n). चौपट केल्यावर π मधली चूक 1/n.

यातून एक गंमत निघते. पाच लाख पदं घेतली तर उत्तर

३.१४१५९०६५३५८९७९३२४०…

येतं. खरा π आहे

३.१४१५९२६५३५८९७९३२३८…

सहावा दशांश चुकला, पण सातव्यापासून सोळाव्यापर्यंतचे सगळे पुन्हा बरोबर! योगायोग नाही. चूक 1/n − 1/(4n³) + … अशी आहे. n = 500000 असताना 1/n म्हणजे 0.000002, म्हणून धक्का फक्त सहाव्या स्थानाला बसतो. पुढचं पद इतकं लहान आहे की त्याचा परिणाम थेट सतराव्या-अठराव्या स्थानी दिसतो.

चूक किती आहे हे आधीच माहीत असेल तर ती मिळवून का टाकत नाही?

अगदी हाच विचार केरळात चौदाव्या-पंधराव्या शतकात झाला होता. संगमग्रामच्या माधवाच्या नावावर असलेल्या रीतीत n पदांनंतर थांबून एक दुरुस्ती जोडतात. पहिल्या n पदांच्या बेरजेला Sₙ आणि दुरुस्तीला F(n) म्हटलं तर आजच्या चिन्हांत:

π/4 ≈ Sₙ + (−1)ⁿ F(n)

F(n) साठी चढत्या अचूकतेची तीन रूपं आहेत: 1/(4n), नंतर n/(4n² + 1), आणि शेवटी (n² + 1)/(4n³ + 5n).

दहा पदांवरच करून पाहू. S₁₀ = 0.7604599047.

पहिली दुरुस्ती 1/40 = 0.025. बेरीज 0.7854599047, चौपट ३.१४१८३९६. एका मिळवणीत तिसरा दशांश बरोबर आला.

दुसरी दुरुस्ती 10/401 = 0.0249376559. बेरीज 0.7853975606, चौपट ३.१४१५९०२. चूक 0.0000024.

तिसरी दुरुस्ती 101/4050 = 0.0249382716. बेरीज 0.7853981763, चौपट ३.१४१५९२७०५. खरा π ३.१४१५९२६५४, म्हणजे चूक 0.00000005 च्या आसपास. नुसत्या मालिकेने इथवर पोचायला सुमारे दोन कोटी पदं लागली असती.

संगणकावर पडताळायचं असेल तर पायथनमध्ये एवढं पुरे:

```python
n = 10
s = sum((-1)**k / (2*k + 1) for k in range(n))
print(4*s)
print(4*(s + (-1)**n * n / (4*n*n + 1)))
```

उत्तर आणखी दूर गेलं तर चिन्ह तपासा. शेवटचं पद वजा असेल (n सम) तर दुरुस्ती मिळवायची, अधिक असेल तर वजा करायची.

n/(4n² + 1) हे सुचलं कसं असेल?

दुरुस्ती अचूक असेल तर n पदांवर थांबा किंवा n + 1 वर, उत्तर एकच यायला हवं. n + 1 वं पद (−1)ⁿ/(2n + 1) आहे. दोन्ही उत्तरं समान ठेवली की अट मिळते:

F(n) + F(n + 1) = 1/(2n + 1)

*युक्तिभाषा* या ग्रंथातला युक्तिवादही हीच अट धरून पुढे जातो. F(n) = 1/(4n) घेऊन पाहा. डावी बाजू (2n + 1)/(4n(n + 1)) होते. ती हवी त्यापेक्षा 1/(4n(n + 1)(2n + 1)) ने जास्त आहे. थोडीच जास्त, म्हणून छेद किंचित वाढवायचा. 4n च्या जागी 4n + 1/n केलं की n/(4n² + 1) तयार.

आता पुन्हा बेरीज करा. अंशात 8n³ + 12n² + 6n + 1 येतं, जे नेमकं (2n + 1)³ आहे. छेदात (2n + 1)⁴ + 4 येतं. 2n + 1 ला m म्हटलं तर डावी बाजू m³/(m⁴ + 4) आणि हवं होतं 1/m. फरक फक्त छेदातल्या त्या 4 चा! दहा पदांनंतर m = 21 आणि m⁴ जवळपास दोन लाख, त्यापुढे 4 ची काय मातब्बरी. हा हिशोब एकदा स्वतः कागदावर करा. एवढ्या सुबकपणे अंश घन होऊन बसतो हे दुसऱ्याने सांगून पटत नाही.

उरलेल्या त्या फरकांचीच पुन्हा मालिका मांडली तर 4/(m⁵ + 4m) ही पदं मिळतात, m = 1, 3, 5, … आणि चिन्हं आलटून पालटून. तिची बेरीजही π/4 आहे. पहिल्या चारच पदांत π ३.१४१४ पर्यंत येतो. ही मालिका केरळच्या ग्रंथांत आहे.

ही मालिका लायब्निट्झची, ग्रेगरीची की माधवाची?

माधवाचा काळ सुमारे १३४० ते १४२५ मानतात. त्याचा π वरचा स्वतंत्र ग्रंथ आज हाती नाही, श्लोक नंतरच्यांनी त्याच्या नावाने उद्धृत केले आहेत. व्यासाला चारने गुणा, मग चौपट व्यासाला तीन, पाच अशा विषम संख्यांनी भागून भागाकार क्रमाने वजा आणि अधिक करत जा, असा तो नियम. सिद्धता ज्येष्ठदेवाच्या *युक्तिभाषा*त मलयाळममध्ये आहे, साधारण १५३० ची. शंकर वारियर यांनी भास्कराचार्यांच्या लीलावतीवर *क्रियाक्रमकरी* ही टीका लिहिली, तिच्यातही माधवाचे हे श्लोक येतात. मूळ लीलावतीत परिघासाठी 22/7 आणि 3927/1250 ही गुणोत्तरं आहेत. त्या पाठावरच्या टीकेत अनंत मालिका येऊन बसावी, यावरून मधल्या तीन-चारशे वर्षांत गणित किती पुढे सरकलं ते दिसतं.

युरोपात जेम्स ग्रेगरीने arctan ची मालिका १६७१ मध्ये कॉलिन्सला लिहिलेल्या पत्रात दिली. लायब्निट्झने १६७३-७४ च्या सुमारास पॅरिसमध्ये स्वतंत्रपणे π/4 ची बेरीज काढली आणि १६८२ मध्ये छापली. चार्ल्स व्हिश याने केरळच्या ग्रंथांबद्दल इंग्रजीत लिहिलं ते १८३० च्या दशकात, आणि तरीही बराच काळ कुणी फारसं लक्ष दिलं नाही. मी वर्गात माधव-ग्रेगरी-लायब्निट्झ असं तिन्ही नावांनी म्हणतो. जरा लांबलचक होतं, पण खरं आहे. केरळातून हे युरोपात गेलं असा दावा मात्र पुराव्याशिवाय करू नये.

संकलन माहीत नसताना *युक्तिभाषा*त सिद्धता कशी?

संकलनाचं नाव नाही, काम तेच आहे. वर्तुळाला स्पर्श करणाऱ्या चौरसाच्या अर्ध्या बाजूचे असंख्य समान तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याच्या टोकांपासून केंद्राकडे रेषा काढल्या की वर्तुळाचा एक इवला कंस मिळतो. तुकडा लहान असेल तर कंसाची लांबी जवळपास तुकडा भागिले 1 + t² (त्रिज्या 1 धरून). हा भागाकार पुन्हापुन्हा मांडत गेलं की 1 − t² + t⁴ − … येतं, म्हणजे आपली भूमिती श्रेढीच. मग सगळ्या तुकड्यांसाठी t² ची बेरीज, t⁴ ची बेरीज वगैरे हवी. 1² + 2² + … + N² ही बेरीज N मोठा असताना N³/3 च्या जवळ जाते, चौथ्या घातांची N⁵/5 च्या, आणि तिथून 1/3, 1/5 येतात.

π चे दशांश काढायला मग प्रत्यक्षात काय वापरायचं?

x लहान घ्या. tan 30° = 1/√3, म्हणून x = 1/√3 ठेवलं की

π = √12 (1 − 1/(3·3) + 1/(5·3²) − 1/(7·3³) + …)

इथे प्रत्येक पद आधीच्याच्या एक तृतीयांशाहूनही लहान आहे. सात पदांनी ३.१४१६७ येतं. ही मालिकाही केरळच्या परंपरेत होती, आणि माधवाच्या नावे दिलेलं मूल्य (व्यास ९ वर अकरा शून्यं, परीघ २८२७४३३३८८२३३) अकरा दशांशांपर्यंत बरोबर आहे. अडचण एकच: √12 आधी तितक्याच स्थानांपर्यंत काढावं लागतं.

जॉन मेचिनने १७०६ मध्ये तीही अडचण टाळली:

π/4 = 4 arctan(1/5) − arctan(1/239)

वर्गमूळ नाही, आणि 1/5 मुळे दर पदाला भागाकार 25 ने होतो, जो दशमान पद्धतीत हाताने करायला सोपा. त्याने शंभर दशांश काढले. सूत्र पडताळायचं तर tan 2A चं सूत्र दोनदा लावा: tan A = 1/5 असेल तर tan 2A = 5/12 आणि tan 4A = 120/119. म्हणजे 4A हा 45° पेक्षा जेमतेम मोठा कोन, आणि जादाचा तुकडा बरोबर arctan(1/239).

1 − 1/3 + 1/5 − … यातली पदं मागेपुढे केली तर बेरीज बदलते का?

बदलते. फक्त अधिक पदं (1 + 1/5 + 1/9 + …) घेतली तर बेरीज अनंताकडे जाते, फक्त वजा पदं घेतली तरी तेच. एकूण बेरीज मर्यादित राहते ती दोघांच्या ओढाताणीमुळे, आणि ओढाताणीचा क्रम बदलला की तोल बदलतो. दोन अधिक पदांमागे एक वजा पद असं लावा:

1 + 1/5 − 1/3 + 1/9 + 1/13 − 1/7 + …

एकही पद गाळलेलं नाही, एकही दोनदा घेतलेलं नाही, तरी ही बेरीज π/4 नसून π/4 + (ln 2)/4 आहे, सुमारे 0.9587. कारण अधिक पदांच्या पहिल्या k पदांची बेरीज (ln k)/4 अधिक एक स्थिरांक अशी वाढते आणि वजा पदांचीही वाढ तशीच. अधिक पदं दुप्पट वेगाने घेतली की ln 2 चा चौथा हिस्सा शिल्लक राहतो. वजा पदं दुप्पट वेगाने घेतली तर तेवढाच कमी पडतो, म्हणजे उत्तर 0.6121 च्या आसपास. x चं मूल्य −1 आणि 1 च्या आत असेल तर मात्र हा धोका नाही. तिथे पदं कशीही लावा, arctan x तोच राहतो.